नोकरी गेल्यावरची पोस्ट: काय लिहावं, काय वगळावं

नोकरकपातीत नाव आलं की लिंक्डइनवर दोन प्रकार दिसतात. कुणी महिनोन्महिने प्रोफाइलला हातच लावत नाही, तर कुणी त्याच रात्री लांबलचक पोस्ट लिहून मोकळं होतं. पुढची नोकरी मिळायला दोन्हींचा उपयोग होत नाही.

पहिला समज असा, की जुन्या कंपनीपुढे 'Present' तसंच ठेवलं तर आपला भाव टिकतो. प्रत्यक्षात त्याने नुकसान होतं. भरती करणारा ते पाहून धरून चालतो की या माणसाला अजून दोन-तीन महिन्यांचा नोटीस पीरियड आहे. त्याला पंधरा दिवसांत माणूस हवा असेल तर तो पुढच्या नावाकडे वळतो. लगेच रुजू होता येणं ही तुमची या घडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, आणि ती तुम्हीच लपवलेली असते. शिवाय नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा रिलीव्हिंग लेटर आणि पीएफच्या नोंदी बघितल्या जाऊ शकतात. तिथली तारीख आणि प्रोफाइलवरची तारीख वेगळी निघाली, तर खुलासे देत बसावं लागतं.

म्हणून रिलीव्हिंग लेटरवर जी तारीख आहे तीच लिहावी. जुन्या कंपनीने पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर दोन महिन्यांनंतर ईपीएफओच्या पोर्टलवर ती स्वतः भरता येते. प्रोफाइलवर तारीख बदलण्याआधी 'Notify network' बंद करावं, म्हणजे पोस्ट तयार होण्याआधीच बातमी फुटत नाही.

फोटोभोवतीच्या 'Open to Work' या हिरव्या चौकटीबद्दल बरंच उलटसुलट बोललं जातं. चौकट लावली की माणूस गरजू दिसतो, म्हणून बरेचजण 'Recruiters only' निवडतात. पण ती सोय मुख्यतः नोकरीत असताना गुपचूप शोध घेणाऱ्यांसाठी आहे. लिंक्डइनचं भरतीसाठीचं सशुल्क साधन वापरणाऱ्यांनाच ती खूण दिसते. तुमची जुनी टीम लीड किंवा पंचवीस माणसांची कंपनी चालवणारा मालक यांना ती दिसणारच नाही. नोकरी गेलेल्याला लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यामुळे 'All LinkedIn members' निवडायला हरकत नाही. माझ्या मते छाप पडते ती नावाखालच्या ओळीची. तिथे 'नव्या संधीच्या शोधात' एवढंच असेल तर तुम्ही काय करता हे कळतच नाही. या ओळीत २२० अक्षरं मावतात, पण बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचाच भाग दिसतो, म्हणून काम आधी यावं.

समजा, पुण्यात ७ वर्षं पेमेंट ॲपचं टेस्टिंग केलेली एक इंजिनिअर आहे. तिची ओळ अशी होईल: 'सीनियर टेस्ट इंजिनिअर | पेमेंट ॲप, ७ वर्षं | ऑटोमेशन आणि एपीआय टेस्टिंग | पुणे'.

आता पोस्ट. जितकं मन मोकळं करू तितकी मदत मिळेल, असं वाटणं साहजिक आहे. पण फीडमध्ये आधी दोन-तीन ओळीच दिसतात, आणि मदत करू शकणारा असतो तो बहुधा जुना सहकारी. त्याला आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवायचं असतं, तेही एखाद्या ठरावीक जागेसाठी. 'कुठलंही काम चालेल' असं वाचून कोणती जागा निवडायची हे त्याला कळत नाही. दार रुंद करायला लिहिलेलं हे वाक्यच त्याला अडवतं. त्याला पद, अनुभव, शहर आणि रुजू होण्याची तारीख लागते. त्या इंजिनिअरची पोस्ट अशी होईल:

'पुण्यात सीनियर टेस्ट इंजिनिअरची जागा शोधते आहे. १ जुलैपासून रुजू होऊ शकते. आधीच्या कंपनीतलं माझं काम ३० जूनला संपतं आहे. आमची टीम बंद झाली. गेली ७ वर्षं पेमेंट ॲपचं टेस्टिंग केलं, त्यातली शेवटची तीन ऑटोमेशनमध्ये. दर आठवड्याच्या रिलीजआधीची तपासणी माझ्याकडे होती. बँकिंग किंवा पेमेंटमधली जागा माहीत असेल तर कृपया मेसेज करा, रेझ्युमे पाठवते. हायब्रिड चालेल.'

कारण एका छोट्या वाक्यात आलं आणि तिथेच थांबलं. कंपनीने राजीनामा लिहून घेतला असेल, तर कागदावर राजीनामाच दिसणार. 'काम संपतं आहे' हे शब्द तेव्हाही खरेच राहतात; उरलेलं मुलाखतीत विचारलं की सरळ सांगावं. किती जणांना काढलं, किती पैसे दिले, क्लायंट कोण होता, हे लिहू नये. सेपरेशनच्या कागदांवर गोपनीयतेचं आणि कंपनीविरुद्ध न बोलण्याचं कलम असू शकतं. पैसे हातात येण्याआधी ते मोडणं महागात पडू शकतं, म्हणून कागद आधी वाचावा आणि पोस्ट नंतर टाकावी. घराच्या हप्त्याचा उल्लेखही टाळावा. तो वाचून लोक हळहळतात, पण पगाराची बोलणी करणाऱ्याच्याही ते लक्षात राहतं.

पोस्टखाली कुणी 'नेमकं काय झालं?' असं विचारलंच, तर 'टीम बंद झाली, बाकी मेसेजवर बोलू' एवढं उत्तर पुरे.