सोयाबीनची घट कोणाच्या नावावर?

शेतकरी गटाच्या गोदामात ऑक्टोबरमध्ये १०० क्विंटल सोयाबीन आले आणि एप्रिलमध्ये काट्यावर ९५ क्विंटल भरले, तर पाच क्विंटलचा हिशेब कोणीतरी द्यावा लागतो. बहुतेक वेळा त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. काढणीच्या वेळी दाण्यात असलेला ओलावा हिवाळा आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उडून जातो आणि तेवढे वजन उतरते. उरलेली तूट मात्र खरी असते. पोते फाटून सांडलेले, किडीने खाल्लेले, उंदरांनी नेलेले आणि कधी माणसांनी नेलेलेही त्यात येते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या दाखवता येणे हाच गोदामाच्या दप्तराचा खरा उपयोग. ते जमले नाही तर गोदाम सांभाळणाऱ्यावर विनाकारण आळ येतो किंवा त्याची चोरी पाण्याच्या नावावर खपून जाते.

सोयाबीनचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. मराठवाडा आणि विदर्भातील गट हेच पीक मोठ्या प्रमाणात साठवतात आणि त्याच्या ओलाव्यात फरकही मोठा पडतो. परतीच्या पावसात सापडलेला माल १५-१६ टक्के ओलाव्याने मळणीयंत्रातून निघतो, तर शेजारच्याच शेतात आठवडाभर आधी काढलेला ११ टक्क्यांवर असतो. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. गोदामात थप्पी लावायची तर १२च्या आसपासच थांबलेले बरे. १४ टक्क्यांवरचा माल पोत्यात तापतो, त्याला बुरशी येते, आणि मग प्रश्न वजनाचा उरत नाही.

ओलावा टक्क्यांत सांगितला जातो तो दाण्याच्या एकूण वजनाच्या प्रमाणात. १४ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये १४ किलो पाणी आणि ८६ किलो कोरडा माल असतो. हा माल ९ टक्क्यांवर आला की किती भरेल? पटकन येणारे उत्तर ९५ किलो, कारण १४ वजा ९ म्हणजे ५. ते चुकीचे आहे. कोरडा माल ८६ किलोच राहतो, पण आता तो नव्या वजनाच्या ९१ टक्के असतो, म्हणून वजन ९४.५ किलो भरते. हेच सूत्रात असे मांडता येते:

नवे वजन = जुने वजन × (१०० − जुना ओलावा) ÷ (१०० − नवा ओलावा)

अर्ध्या किलोचा हा फरक एका पोत्यात क्षुल्लक वाटतो, पण शंभर क्विंटलांत तो अर्धा क्विंटल होतो. सरळ वजाबाकी करणाऱ्या गटात तेवढा माल गोदामपालाने खाल्ला असे ठरते.

म्हणून साठा नोंदवहीत वजनाच्या शेजारी आणखी एक रकाना असावा लागतो, कोरड्या मालाचा. आवक झाली की निव्वळ वजन, ओलावा आणि त्यावरून निघणारा कोरडा माल अशा तिन्ही गोष्टी त्याच ओळीत लिहायच्या. निव्वळ वजन म्हणजे बारदाना वजा करून. तागाचे आणि प्लास्टिकचे पोते यांच्या वजनात बराच फरक असल्याने बारदान्याचा प्रकारही नोंदवावा लागतो. काडीकचरा आणि माती यांची वजावट वेगळी दाखवावी. माल आत घेतल्यावर चाळणी केली तर निघालेला कचरा तोलून त्याची स्वतंत्र पावती करावी, नाहीतर तोच कचरा पुढे ‘घट’ म्हणून दिसू लागतो. तोलपावतीची एक प्रत शेतकऱ्याकडे जाते, आणि तिच्यावर ओलाव्याचा आकडा असलाच पाहिजे. तो नसलेली पावती पुढच्या भांडणात काही कामाची राहत नाही.

तीनच शेतकऱ्यांचा माल घेऊन हिशेब पाहू. पहिल्याने १४ टक्के ओलाव्याचे ४२ क्विंटल आणले, दुसऱ्याने ११ टक्क्यांचे ३० आणि तिसऱ्याने १२ टक्क्यांचे २८. एकूण १०० क्विंटल. कोरडा माल अनुक्रमे ३६.१२, २६.७० आणि २४.६४ क्विंटल, म्हणजे मिळून ८७.४६. सगळा माल एकाच थप्पीत गेला. एप्रिलमध्ये विक्रीच्या वेळी ओलावा ९ टक्के निघाला. तेव्हा अपेक्षित वजन ८७.४६ भागिले ०.९१, म्हणजे ९६.११ क्विंटल. काट्यावर भरले ९५.४० क्विंटल. एकूण घट ४.६० क्विंटल झाली, पण तिच्यातली ३.८९ क्विंटल पाण्याची आहे. जाब विचारायचा तो फक्त उरलेल्या ७१ किलोंचा.

आता वाटणी. पुष्कळ गट घट सगळ्यांवर सारखी टाकतात, क्विंटलमागे ठरावीक किलो कापतात. बाजार समितीतल्या कडत्याची सवय असल्याने हे कोणाला खटकत नाही, आणि हिशेबही चटकन होतो. पण तसे केले तर पहिल्याच्या वाट्याला ४०.०७ क्विंटल येतात, दुसऱ्याच्या २८.६२ आणि तिसऱ्याच्या २६.७१. कोरड्या मालाच्या प्रमाणात वाटणी केली तर हेच आकडे ३९.४०, २९.१२ आणि २६.८८ होतात. म्हणजे सरसकट घटीत ओला माल आणणाऱ्याला ६७ किलो जास्त मिळतात. त्यातले ५० किलो शेत नीट वाळवून आणणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याचे असतात आणि १७ तिसऱ्याचे. पुढच्या हंगामात तो दुसराही माल वाळवायच्या फंदात पडणार नाही.

विक्री तुकड्यातुकड्याने झाली तरी पद्धत तीच. प्रत्येक जावकीला त्या दिवशीचा ओलावा मोजून गाडीतल्या मालाचा कोरडा भाग काढायचा आणि तो कोरड्या मालाच्या शिलकीतून वजा करायचा. थप्पी संपली की ती शिल्लक शून्याजवळ यायला हवी. वरच्या उदाहरणात ती ०.६५ क्विंटलवर थांबते. ९ टक्के ओलाव्याच्या हिशेबाने तेच ७१ किलो.

या सगळ्याचा भार आर्द्रतामापकावर आहे, आणि ते यंत्र फारसे शहाणे नसते. दाण्यातून वीज किती वाहते किंवा दाणा विजेचा प्रभार किती धरतो यावरून ते ओलाव्याचा अंदाज करते. त्यामुळे पिकाचा क्रमांक चुकीचा लावला, उन्हातून आणलेला गरम दाणा तसाच घातला, किंवा ओला आणि कोरडा माल मिसळलेला असला, तर आकडा फसवतो. अर्ध्या टक्क्याची चूक वरच्या उदाहरणात सुमारे ५३ किलोंचा फरक पाडते. मग ७१ किलोंच्या तुटीपैकी किती खरी आणि किती यंत्राची, हे सांगता येत नाही. आवक आणि जावक एकाच यंत्रावर मोजणे, थप्पीच्या वेगवेगळ्या पोत्यांतून नमुने घेऊन एकत्र करणे, तीन वाचनांची सरासरी लिहिणे, आणि हंगामाच्या सुरुवातीला एक नमुना प्रयोगशाळेत भट्टीत वाळवून यंत्राशी ताडून पाहणे, एवढे केले तर ही शंका बरीच कमी होते. पुरती जात नाही. म्हणून गटाने मान्य तुटीची मर्यादा आधीच ठरावात लिहून ठेवावी. ती यंत्राच्या चुकीपेक्षा कमी ठेवण्यात अर्थ नाही.

दर महिन्याला सगळी थप्पी तोलणे कोणालाच परवडत नाही. त्याऐवजी पाच-सहा पोत्यांना खूण करून ती थप्पीच्या वेगवेगळ्या बाजूंना, हात पोचेल अशा जागी लावतात, आणि महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तीच तोलतात. त्यांचे वजन व ओलावा थप्पीवर टांगलेल्या कार्डावर चढवला जातो. १२.५ टक्के ओलाव्याचे ५० किलोंचे पोते १० टक्क्यांवर आले की ४८.६१ किलो भरायला हवे. ते ४८ किलोच भरले तर कीड, गळती किंवा यंत्र यांपैकी कुठेतरी बिघाड आहे, आणि तो जानेवारीतच कळतो. बाहेरची पोती आतल्यांपेक्षा लवकर वाळतात, त्यामुळे या पोत्यांवरून पूर्ण थप्पीचे वजन काढू नये. त्यांचा उपयोग इशाऱ्यापुरता. नमुन्यासाठी काढलेले दाणे त्याच पोत्यात परत टाकावेत, नाहीतर तोलून कार्डावर लिहावेत.

पावसाळ्यात गणित उलटे फिरते. दाणा हवेतला ओलावा ओढून घेतो आणि वजन वाढते. वरचा माल एप्रिलमध्ये न विकता ऑगस्टपर्यंत ठेवला आणि ओलावा ११.५ टक्क्यांवर गेला, तर ९५.४० क्विंटलचे ९८.०९ क्विंटल होतात. एकही दाणा वाढलेला नसतो. नुसत्या वजनावर चालणाऱ्या वहीत एप्रिलचा आकडा लिहिलेला असेल, तर वरचे अडीच-पावणेतीन क्विंटल कोणी उचलले तरी साठा बरोबर जुळतो. घटीपेक्षा ही वाढ जास्त धोक्याची, कारण तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. कोरड्या मालाचा रकाना असेल तर वाढही दिसते आणि ती सभासदांच्याच नावावर जमा होते.

वही चाळतानाच काही खुणा सापडतात. आवकीच्या प्रत्येक ओळीत ओलावा नेमका १२.० लिहिला असेल, तर यंत्र वापरलेच गेले नाही. वजन उतरले पण ओलावा तसाच राहिला, तर माल गेला आहे. मार्च-एप्रिलमध्ये ओलावा एकाएकी वाढला आणि वजन पूर्ण भरले, तर विक्रीच्या आधी पाणी शिंपडल्याचा संशय घ्यावा. असा दाणा बाहेरून सैल आणि आतून कोरडा असतो, आणि दोन दिवस पोत्यात राहिला की वास मारू लागतो. उलट ९ टक्क्यांखाली वाळलेले सोयाबीन हाताळताना फुटते. पोती पुन्हा पुन्हा हलवली तर डाळ झालेल्या दाण्यांचे प्रमाण वाढते आणि भाव कमी लागतो. हे नुकसान काट्यावर दिसत नाही, म्हणून जावकीच्या नोंदीत फुटलेल्या दाण्यांची टक्केवारीही टाकावी लागते.

थप्पी रिकामी झाली की खालच्या लाकडी फळ्या उचलून झाडलोट करतात. झाडलेला माल चाळून, तोलून वेगळ्या ओळीत लिहायचा. विकण्यासारखा असेल तर तो त्याच थप्पीच्या सभासदांना जमा होतो, सडका असेल तर दोन सभासदांच्या सहीने नष्ट केल्याची नोंद होते. त्यानंतर कोरड्या मालाची उरलेली शिल्लक तूट म्हणून काढून टाकली जाते, तिच्यासमोर कारण लिहिले जाते, आणि थप्पीचे कार्ड बंद करून सभासदवार वाटणीच्या कागदाला जोडले जाते. पुढचा माल त्याच जागी लागला तरी त्याला नवा थप्पी क्रमांक मिळतो, म्हणजे जुनी तूट नव्या मालाच्या अंगावर येत नाही.