अर्ध्या तासाची वाळू

13 डिसेंबर 1492. कोलंबसची जहाजं आजच्या हैतीच्या उत्तर किनाऱ्याला नांगर टाकून उभी होती. या अनोळखी मुलखात दिवस किती लांबीचा असतो, हे मोजून पाहायचं त्याने ठरवलं. साधन एकच होतं, अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ते वीस वेळा रिकामं झालं, म्हणजे दिवस दहा तासांचा भरला. पण रोजनिशीत हा आकडा लिहिताना त्याने शंकाही नोंदवून ठेवली: घड्याळ वेळच्या वेळी उलटलं गेलं नसेल, किंवा वाळूच मध्ये कुठे अडली असेल.

ही शंका किती खरी होती, हे आज घरबसल्या ताडून पाहता येतं. त्या काळचं युरोपीय कॅलेंडर आजच्या कॅलेंडरपेक्षा नऊ दिवस मागे होतं, म्हणून ती तारीख आजच्या हिशेबाने 22 डिसेंबर येते, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांपैकी एक. जागा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे वीस अंशांवर, म्हणजे जवळपास मुंबईच्याच रेषेत. त्या दिवसाची मुंबईची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहिली, तर दिवस जेमतेम अकरा तासांचा दिसतो. कोलंबसच्या मोजणीत जवळपास एक तास हरवला होता. वीस खेपांत तो वाटला, तर दर खेपेला तीन मिनिटांच्या आतबाहेर. इतकी चूक करणारं साधन पुढची तीनशे वर्षं जहाजांवर टिकून राहिलं, कारण त्याच्या जागी ठेवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पाण्याची घड्याळं तेव्हा नवी नव्हती. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात घटिकापात्र सोडत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की चोवीस मिनिटं झाली, एक घटका सरली. युरोपातल्या मठांत पाण्याची मोठाली घड्याळं असत. इंग्लंडमधल्या बरी सेंट एडमंड्सच्या मठाला 1198 मध्ये आग लागली, तेव्हा काही साधू विहिरीकडे धावले आणि काही घड्याळाकडे, अशी नोंद तिथल्याच एका साधूने करून ठेवली आहे. आग विझवायला उपयोगी पडेल इतकं पाणी त्या घड्याळात होतं.

या सगळ्या यंत्रांना पाणी स्थिर लागतं. जहाज डोलू लागलं की घटिकापात्र कलतं, काठावरून पाणी आत येतं आणि वाटी वेळेआधीच बुडते. भोकातून पाणी ठिबकवणाऱ्या भांड्याची गतही तीच. भोकावर पाण्याची उंची किती आहे, यावर धारेचा वेग ठरतो. उंची चौथाईवर आली की वेग निम्मा होतो. जहाज कलल्यावर ही उंची क्षणाक्षणाला बदलते. शिवाय उत्तरेकडच्या समुद्रात हिवाळ्यात पाणी गोठतं, उन्हात ते उडून जातं, आणि गार पाणी कोमट पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे बारीक नळीतून सावकाश वाहतं.

वाळू इथे वेगळी का ठरते, ते शेतकऱ्याच्या कणगीवरून समजतं. कणगीच्या तळाचं तोंड उघडलं की धान्य काठोकाठ असो वा अर्ध्यावर, धार सारखीच पडते. दाणे एकमेकांना रेटतात, भिंतींना टेकतात आणि वरचा बराचसा भार घर्षणामुळे भिंतींवर जातो. तळाशी असलेल्या दाण्याला वरच्या ढिगाची उंची जवळजवळ कळतच नाही. ब्रेमेनमधला अभियंता यान्सेन याने 1895 मध्ये धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून याचा हिशेब मांडला, पण खलाशांना त्याचा उपयोग पाचशे वर्षं आधीपासून होत होता. वाळूच्या घड्याळाची धार सुरुवातीला आणि शेवटी सारखीच असते. जहाज थोडं कललं तरी ती फारशी बदलत नाही. काच बंद असल्याने आतलं काही उडून जात नाही आणि गोठायला त्यात पाणीच नसतं.

जहाजावरच्या वाळूच्या घड्याळांची सगळ्यात जुनी लेखी खूण हिशेबाच्या कागदात सापडते. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या ‘ला जॉर्ज’ या जहाजाच्या कारकुनाने 1345 मध्ये फ्लँडर्समधल्या स्लाउस बंदरात काचेची बारा घड्याळं विकत घेतल्याचं त्यात लिहिलं आहे. बारा का, हे समजायला कठीण नाही. काच फुटते, आणि भर समुद्रात दुसरी मिळत नाही.

घड्याळ उलटायचं काम बहुधा जहाजावरच्या पोराकडे असे. इंग्रजी जहाजांवर पुढे ठरलेली रीत अशी होती: पहाऱ्याची पाळी चार तासांची, म्हणजे आठ घड्याळांची. दर वेळी घड्याळ उलटलं की घंटा वाजे, पहिल्या अर्ध्या तासाला एक टोला, दुसऱ्याला दोन, आठ टोले झाले की पाळी संपली. थंडीपावसात उभ्या असलेल्या माणसाला आठवा टोला लवकर यावा असं वाटणारच. म्हणून वाळू पूर्ण पडायच्या आत घड्याळ उलटायची खोडी सगळ्या आरमारांत होती. फ्रेंच खलाशी तिला वाळू खाणं म्हणत. दुसरी युक्ती वरचा फुगा हातात धरून ऊब देण्याची. आतली हवा तापून फुगते आणि वाळूला खाली ढकलते. याउलट खालचा फुगा तापला, तर हवा वर येऊ पाहते आणि धार मंदावते, कधी थांबतेही.

या चुका दिवसानुदिवस साचत मात्र नसत. भर दुपारी सूर्य सगळ्यात उंच आला की नवा दिवस धरून घड्याळ पुन्हा पहिल्यापासून उलटायला लागत. त्यामुळे कालची चूक कालच संपे. आकाश आठवडाभर ढगाळ राहिलं, तर मात्र हा आधार नाहीसा होई.

जिथे चूक जिवावर बेतू शकत होती, ते घड्याळ अर्ध्या तासाचं नव्हतं. ते होतं 28 सेकंदांचं, वेग मोजायचं. जहाजाच्या मागच्या बाजूने दोरीला बांधलेलं तिकोनी फळकुट पाण्यात टाकायचे. एका कडेला शिसं लावलेलं असल्याने ते पाण्यात उभं राहून एका जागी थांबे, आणि जहाज पुढे जाईल तशी दोरी सुटत जाई. दोरीवर ठरावीक अंतराने गाठी मारलेल्या असत. वाळू सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या, तितके सागरी मैल दर तासाला. विल्यम बोर्न या इंग्रजाने 1574 मध्ये या पद्धतीचं वर्णन छापलं. सागरी मैल 6080 फुटांचा आणि तासाचे सेकंद 3600, म्हणजे 28 सेकंदांना दोन गाठींमधलं अंतर 47 फूट 3 इंच असायला हवं.

आता समजा, दमट हवेत वाळूला ओल धरली आणि 28 सेकंदांचं घड्याळ 30 सेकंद चालू लागलं. दोरी दोन सेकंद जास्त सुटते. जहाज आठ गाठींच्या वेगाने जात असलं तरी मोजणीत साडेआठच्या थोडं वर येतं. दिवसभरात जहाज 192 मैल गेलेलं असताना नकाशावर 206 मैल मांडले जातात. हे त्रासदायक, पण निभावणारं आहे. किनारा अपेक्षेपेक्षा उशिरा दिसतो, इतकंच.

उलटी चूक भयंकर. दाणे वर्षानुवर्षं भोकावर घासून ते रुंद होतं. धार भोकाच्या व्यासापेक्षा फार वेगाने वाढते. व्यास चार टक्के वाढला तर धार सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि अर्ध्या तासाची वाळू सत्तावीस मिनिटांत पडून जाते. वेगाच्या घड्याळाचं असं झालं, की दोरी कमी सुटते, जहाज मागे आहे असं वाटत राहतं, आणि खडक रात्री अचानक समोर येतो. म्हणून जपून वागणारे नाविक मोजणी जहाजाच्या पुढे राहील अशी तजवीज करत. घड्याळ तपासायची सोपी रीत हस्तपुस्तिकांत दिलेली असे. बंदुकीची गोळी सुमारे 39 इंच लांबीच्या दोऱ्याला टांगायची आणि हलकेच झुलवायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा झोका एका सेकंदाचा होतो. वाळू पडेपर्यंत झोके मोजले की घड्याळाचं खरं रूप उघड होतं.

भोकाची झीज टाळायची तर दाणा मऊ हवा, गोल हवा, एकसारखा हवा आणि कोरडा हवा. किनाऱ्यावरची वाळू यातल्या बहुतेक कसोट्यांना उतरत नाही. भोक दाण्याच्या किमान पाच-सहा पट रुंद नसेल तर दाणे त्याच्या तोंडाशी कमान धरून अडतात. आणि पूड फार बारीक झाली तर गोळे होतात. म्हणून बनवणारे संगमरवराची पूड वापरत, किंवा अंड्यांची कवचं वाळवून कुटत. काचेचे दोन फुगे वेगवेगळे फुंकून, मध्ये भोकाची चकती ठेवून मेण आणि दोऱ्याने बांधत. अठराव्या शतकात दोन्ही फुगे एकाच काचेत घडवता येऊ लागले, तोवर ओल शिरायची मुख्य वाट हा जोडच होता.

ही वाळू घरी कशी करायची, याची कृती एका गृहिणीसाठी लिहिलेल्या पुस्तकात आहे, हे फार बोलकं वाटतं. सुमारे 1393 मध्ये पॅरिसमधल्या एका वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण बायकोला घर कसं चालवावं हे सांगायला ‘ल मेनाजिए द पारी’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात मेजवान्या आहेत, कालवणं आहेत, आणि वाळूच्या घड्याळाची पूडही आहे. थडग्यांसाठी काळा संगमरवर कापताना पडणारी भुकटी घ्यायची, वाईनमध्ये उकळायची, वर आलेली साय काढायची, उन्हात वाळवायची. आणि हे सगळं नऊ वेळा. पुन्हापुन्हा उकळून साय काढली की हलका, चिकट भाग वर येऊन निघून जातो आणि मोकळे, जड कण उरतात.

त्या काळच्या स्वयंपाकघरात घड्याळ नसे. एखादी ठरावीक प्रार्थना म्हणायला लागेल तितका वेळ उकळा, अशा सूचना पाककृतींत मिळतात, आणि प्रार्थना प्रत्येक जण आपापल्या चालीने म्हणतो. पाण्याचं घड्याळ चुलीशेजारी ठेवलं तर वाफ त्यात शिरते, पाणी तापून पातळ होतं आणि धार वाढते. शिवाय ते सकाळपासून चालू असलेलं घड्याळ आहे. भांड्यात अंडं सोडल्या क्षणापासून तीन मिनिटं मोजायची, तर मोजणी त्याच क्षणी शून्यापासून सुरू व्हावी लागते. वाळूचं घड्याळ उलटलं की ती होते, आणि संपली की कुणी न सांगता थांबते. काच बंद असल्यामुळे वाफेचा त्रास नाही. फक्त ते चुलीच्या अगदी कडेला ठेवायचं नाही, कारण खालचा फुगा तापला की आतल्या हवेने वाळू अडते, आणि तीन मिनिटांच्या पिवळ्या बलकाच्या जागी घट्ट उकडलेलं अंडं हाती येतं.