महाडच्या विंचूदंश-अभ्यासातले आकडे एकमेकांशी जुळतात का?

रायगड जिल्ह्यात लाल विंचवाचा दंश ही जुनी, जीवघेणी गोष्ट आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या दंशावर केलेली एक चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ७० रुग्ण होते. त्यांतल्या ३५ जणांना प्राझोसिन हे औषध आणि सोबत विंचवाची प्रतिविष लस दिली, उरलेल्या ३५ जणांना नुसतं प्राझोसिन.

सारांशातले मुख्य आकडे असे. लस घेतलेले रुग्ण सरासरी ८ तासांत पूर्ण बरे झाले (९५ टक्के विश्वासांतर ६.५ ते ९.५). नुसत्या प्राझोसिनवरच्या रुग्णांना सरासरी १७.७ तास लागले (१५.४ ते १९.९). फरक ९.७ तासांचा (६.९ ते १२.४). दहा तासांच्या आत बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ३२, म्हणजे ९१.४ टक्के (७६.९ ते ९७.८), आणि दुसऱ्या गटात ३५ पैकी ८, म्हणजे २२.९ टक्के (११.८ ते ३९.३).

एवढ्या ओळींवरून, मूळ नोंदी हातात नसतानाही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बरंच तपासता येतं. त्या तपासणीत आड येणारे काही गैरसमज पाहू.

गैरसमज १ : ६.५ ते ९.५ म्हणजे बहुतेक रुग्ण एवढ्या तासांत बरे झाले.

वस्तुस्थिती : हे अंतर रुग्णांचं नाही, सरासरीचं आहे. खरी सरासरी कुठल्या टापूत असावी, एवढंच ते सांगतं. एकेक रुग्ण सरासरीपासून किती दूर जातो, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. डॉक्टर त्यालाच एसडी म्हणतात. तो इथे दिलेला नसला तरी काढता येतो. विश्वासांतराची अर्धी रुंदी १.५ आहे. तिला २.०३ ने भागलं की ०.७४ येतात, ही सरासरीची प्रमाण त्रुटी. तिला ३५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५.९२ ने गुणलं की प्रमाण विचलन येतं, सुमारे ४.४ तास. दुसऱ्या गटात याच रीतीने प्रमाण त्रुटी १.११ आणि प्रमाण विचलन सुमारे ६.६ तास येतं.

इथे २.०३ कुठून आले? मोठ्या अभ्यासांत १.९६ वापरतात, पण गट लहान असला की टी-कोष्टकातला आकडा घ्यावा लागतो. ३५ जणांच्या गटाला तो २.०३ आहे. गट ५ जणांचाच असता तर तो २.७८ झाला असता. तिथे १.९६ वापरणाऱ्याला बरोबर असलेलं विश्वासांतरही चुकीचं वाटेल.

गैरसमज २ : फरकाच्या विश्वासांतराची रुंदी म्हणजे दोन्ही गटांच्या रुंदीची बेरीज.

वस्तुस्थिती : बेरीज वर्गांची होते. ०.७४ चा वर्ग ०.५५, १.११ चा वर्ग १.२३, बेरीज १.७८ आणि तिचं वर्गमूळ १.३३. ही फरकाची प्रमाण त्रुटी. एकूण ७० रुग्णांसाठी कोष्टकातला आकडा जवळजवळ २ आहे, म्हणून अर्धी रुंदी सुमारे २.६६ यायला हवी. छापलेल्या ६.९ ते १२.४ ची अर्धी रुंदी २.७५ भरते. नुसती बेरीज केली असती तर १.५ आणि २.२५ मिळून ३.७५ आले असते, आणि अचूक छापलेल्या आकड्यावर आपण उगाच शंका घेतली असती.

टी-मूल्य म्हणजे फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी. ९.७ ला १.३३ ने भागलं की ७.३ येतात, आणि छापलेल्या अंतरावरून मागे गेलं तर साधारण ७. म्हणजे या अभ्यासाचं टी-मूल्य कुणी ७ च्या आसपास सांगितलं तर ते जुळतं. कुणी ४३ सांगितलं, तर त्याने प्रमाण त्रुटीलाच प्रमाण विचलन समजून पुन्हा ३५ च्या वर्गमुळाने भागलं आहे. लहान अभ्यासांचे सारांश तपासताना ही चूक सगळ्यात आधी शोधावी.

गैरसमज ३ : विश्वासांतर दोन्ही बाजूंना सारखं नसेल तर छपाईत चूक आहे.

वस्तुस्थिती : सरासरीसाठी ही कसोटी सहसा लागू पडते. १५.४ आणि १९.९ यांचा मध्य १७.६५ येतो, तो १७.७ शी जुळतो. पण ९१.४ टक्क्यांचं अंतर खाली १४.५ ने जातं आणि वर फक्त ६.४ ने. टक्केवारीला १०० ची भिंत असते, म्हणून असं होतं. पुस्तकातलं सोपं समान अंतराचं सूत्र लावलं तर वरची मर्यादा १०० च्या पुढे जाते, आणि ते शक्यच नाही. अ‍ॅग्रेस्टी-कूल सूत्रात बरे झालेल्यांत सुमारे १.९२ आणि एकूण संख्येत ३.८४ मिळवून मग अंतर काढतात. ते ३२ आणि ८ या दोन्ही आकड्यांना लावून पाहिलं, तर ७६.९ ते ९७.८ आणि ११.८ ते ३९.३ हेच आकडे दशांशापर्यंत हुबेहूब येतात.

गैरसमज ४ : सरासरी ८ आणि विचलन ४.४ असेल, तर दहा तासांत ९१ टक्के बरे होणं शक्य नाही.

वस्तुस्थिती : ही शंका घेणाऱ्याने घंटेच्या आकाराचा वक्र गृहीत धरला आहे. त्या वक्राप्रमाणे दहा तासांच्या आत सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण यायला हवेत. पण बरं होण्याचा वेळ शून्याखाली जात नाही आणि वरच्या बाजूला मात्र लांबू शकतो. समजा, ३२ जण सरासरी ६.९ तासांत बरे झाले आणि तिघांना २० तास लागले, तर एकूण सरासरी जवळजवळ ८ येते. त्या ३२ जणांचं आपसातलं विचलन २.४ च्या आसपास असलं की सगळ्यांचं मिळून ४.४ भरतं. म्हणजे दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. त्यांतून एक गोष्टही कळते : लस घेऊनही काही थोड्या रुग्णांना बराच वेळ लागला असावा, आणि ८ ही सरासरी त्यांनी वर ओढली असावी.

गैरसमज ५ : आकडे जुळले नाहीत तर खोटेपणा, जुळले तर निष्कर्ष खरा.

वस्तुस्थिती : वर २.६६ आणि २.७५ यांत थोडा फरक राहिलाच. पण छापलेला ६.५ मुळात ६.४५ ते ६.५५ यांमधला काहीही असू शकतो. दोन्ही गटांच्या मर्यादांची बाहेरची टोकं धरली तर आपली अर्धी रुंदी २.७२ पर्यंत जाते, आणि फरकाच्या मर्यादांची आतली टोकं धरली तर छापलेली अर्धी रुंदी २.७० इतकी खाली येऊ शकते. दोन्ही एकमेकांना भेटतात. म्हणून आधी दशांश तोडल्याने किती फरक पडू शकतो ते मोजावं, आणि त्यातही न बसणाऱ्या आकड्याबद्दलच लेखकांना विचारावं.

जुळणीचा अर्थही तेवढाच मर्यादित आहे. हे आकडे एकाच नोंदवहीतून, योग्य सूत्राने आले असावेत, एवढं ती सांगते. ही चाचणी खुली होती. कुणाला लस दिली हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक होतं. रुग्ण बरा झाला असं नेमकं कधी म्हणायचं, या निर्णयावर त्या माहितीचा परिणाम झाला का, ते कुठल्याही वर्गमुळातून निघत नाही. त्यासाठी सारांश बाजूला ठेवून मूळ लेखातली पद्धत वाचावी लागते : लक्षणं कुणी, किती वेळाने आणि कशी नोंदवली.