विमा ब्रोकरचं पत्र : सही करण्यापूर्वी काय वाचावं?

चाकण किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना नवा विमा ब्रोकर नेमतो, तेव्हा दोन कागद तयार होतात. एक ‘मँडेट लेटर’. कंपनी ते आपल्या लेटरहेडवर देते आणि त्याच्या जोरावर ब्रोकर विमा कंपन्यांकडून दर मागवतो. दुसरं पत्र ब्रोकर कंपनीला लिहितो. आम्ही काय करू, त्याचे पैसे कोण देईल आणि तुमची जबाबदारी काय, हे त्यात असतं. पहिल्या कागदावर सही घेण्याची सगळ्यांना घाई असते. दुसरा बहुधा न वाचताच फायलीत जातो. भांडण झालं की मात्र तोच शोधला जातो.

एजंट विमा कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर ग्राहकाचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2018 च्या नियमांनुसार ग्राहकाचा व्यवसाय समजून घेणं, योग्य संरक्षण सुचवणं, दर आणणं आणि दाव्याच्या वाटाघाटीत मदत करणं ही ब्रोकरची कामं आहेत. पत्रात ती नेमकी उतरायला हवीत. ‘विमाविषयक सर्व सेवा’ एवढं मोघम वाक्य कामाचं नाही. कोणत्या पॉलिसी, कोणत्या जागा, नूतनीकरणाचे दर किती दिवस आधी हातात येणार आणि दाव्याचे कागद कोण जमवणार, हे लिहून घ्यावं.

काय करणार नाही, हेही तिथेच असतं. दावा मंजूर करण्याचा अधिकार ब्रोकरला नसतो. यंत्रांची किंमतही बहुतेक ब्रोकर ठरवत नाहीत. ‘विमा रक्कम ग्राहकाने ठरवायची’ असं कलम ते घालतात. या एका ओळीची किंमत पाहा. समजा, कारखान्यातली यंत्रं आज नव्याने घ्यायला 20 कोटी लागतील, पण हिशेबनिसाने जुन्या ताळेबंदावरून 12 कोटींचा विमा उतरवला. आगीत 2 कोटींचं नुकसान झालं. मालकाला वाटतं, 12 कोटींचा विमा आहे, म्हणजे 2 कोटी पूर्ण मिळतील. प्रत्यक्षात विमा 60 टक्केच मालमत्तेचा आहे, म्हणून भरपाईही 60 टक्के, म्हणजे 1 कोटी 20 लाख, आणि त्यातूनही ग्राहकाने सोसायचा ठरलेला हिस्सा वजा. लघुउद्योगांच्या आगीच्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते. इथली तफावत 40 टक्के आहे. ब्रोकर पत्रातल्या कलमाकडे बोट दाखवणार. म्हणून त्याच कलमात एक ओळ वाढवून घ्यावी : दर नूतनीकरणापूर्वी ब्रोकर मूल्यांकनाची लेखी आठवण देईल आणि अपुऱ्या विम्याचा परिणाम आकड्यांत दाखवेल.

आता पैसे. काम ग्राहकाचं, पण कमिशन देते विमा कंपनी. हप्ता जीएसटी सोडून 4 लाख असेल आणि कमिशन 15 टक्के ठरलं असेल, तर ब्रोकरला 60 हजार मिळतात. हप्ता वाढला की त्याची कमाईही वाढते, म्हणून हा आकडा ग्राहकाला माहीत असावा. 2023 पासून विम्याच्या प्रत्येक प्रकारासाठी कमिशनची वेगळी कमाल मर्यादा राहिलेली नाही, तेव्हा तर विचारायलाच हवं. विचारल्यावर दर सांगणं हे ब्रोकरच्या आचारसंहितेतच आहे. ‘कमिशनमधला हिस्सा परत देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबावं. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार अशी सूट देणं आणि घेणं, दोन्ही बेकायदा आहे. दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो.

ग्राहकाची बाजू सहसा दोन कामांवर सांभाळली जाते. हप्ता वेळेवर भरणं हे पहिलं, कारण कलम 64व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. ‘ब्रोकरला मेल केला होता’ म्हणून संरक्षण सुरू होत नाही. दुसरं काम बदल कळवण्याचं. नवी शेड बांधली, रंगकामाचा विभाग सुरू केला, ज्वालाग्राही माल ठेवला, तर ब्रोकरला लेखी कळवायचं. अनेक आगीच्या पॉलिसींत इमारत 30 दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली, तर विमा कंपनीची आधी संमती लागते. ऑर्डर नसल्याने दोन महिने कुलूप लावलेल्या युनिटला आग लागली की पहिला प्रश्न हाच येतो. कळवायचं कुणाला, कोणत्या पत्त्यावर आणि पोच किती दिवसांत मिळणार, हे पत्रात हवं.

सर्वांत दुर्लक्षित कलम असतं शेवटी : करार मोडल्यावर काय? वर्षाच्या मध्यात ब्रोकर बदलला, तर या वर्षाचं कमिशन सहसा जुन्याकडेच राहतं. मग चालू असलेले दावे कोण पुढे नेणार? हे लिहिलेलं नसेल, तर जुना म्हणतो, ‘आता आमचा संबंध नाही’, आणि नवा म्हणतो, ‘ही पॉलिसी आमची नाही.’

तेव्हा तुमच्या कंपनीच्या फायलीतलं हे पत्र या आठवड्यात बाहेर काढा आणि तीन गोष्टी तपासा : विमा रकमेची जबाबदारी, कमिशनचा दर आणि करार संपल्यावरचे दावे. यातलं जे सापडणार नाही, ते पुढच्या नूतनीकरणाच्या आधी लिहून घ्या.