शेऱ्याचा रकाना : तोटक्या उत्तरानंतरचे एक वाक्य

कमी बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले मिळतात. एक, ‘जरा मोकळेपणाने बोलत जा’, आणि दुसरा, ‘तूही चार प्रश्न विचारत जा’. पहिल्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. दुसऱ्याने संभाषणाची चौकशी समिती होते. या दोहोंपेक्षा लहान आणि करता येण्याजोगी एक गोष्ट आहे : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि त्याच दमात आपले स्वतःचे एक वाक्य जोडावे. हे एक वाक्य नेमके काय काम करते, ते कुठे बसवावे लागते आणि कुठे फसते, हे मी एका उदाहरणावरून सांगणार आहे. संभाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकून ती शब्दशः कागदावर उतरवणे हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे. पुढचे उतारे दोघांच्याही संमतीने घेतलेल्या अशाच मुद्रणांतले आहेत.

गृहस्थ पंचाहत्तरीच्या जवळचे, पत्नी हयात नाही, मिरजेत एकटे राहतात. नोकरी एसटीत झाली, त्यातली बरीच वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून स्टँडवर. मुलगी ठाण्यात असते आणि दर रविवारी रात्री फोन करते. त्यातला एक फोन असा :

मुलगी : जेवलात का बाबा?
वडील : हो.
मुलगी : काय केलं होतं मावशींनी?
वडील : भाजी-पोळी.
मुलगी : औषध घेतलं?
वडील : घेतलं.
मुलगी : फिरायला गेला होतात?
वडील : हो.
मुलगी : पाऊस आहे का तिकडे?
वडील : नाही.
मुलगी : बरं मग. ठेवू?
वडील : ठेव.

पाऊण मिनिटात सगळे आटोपले. मुलीची समजूत अशी झाली होती की बाबांना आपला फोन नकोसा वाटतो, आणि आता महिन्यातून एकदाच करावा असे तिच्या मनात घोळत होते. इकडे वडील रविवारी आठ वाजल्यापासून टीव्हीचा आवाज बारीक करून बसत, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळले.

या उताऱ्यात खोटे किंवा तुटक असे एकही उत्तर नाही. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने संभाषणाचे जे अलिखित नियम मांडले, त्यांतला एक असा की गरज असेल तेवढी माहिती द्यावी, अधिक देऊ नये. स्टँडवरच्या खिडकीत हा नियम सोन्यासारखा असतो. ‘साताऱ्याची गाडी?’ ‘पाच नंबर.’ तिथे जो लांबण लावील तो मागच्या रांगेच्या शिव्या खाईल. पण ‘जेवलात का?’ हा प्रश्न त्या जातीचा नाही. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी 1923 साली लिहिले की बरेचसे बोलणे माहितीसाठी नसून नुसते संबंध राखण्यासाठी असते. मुलीला पोळ्यांची गणती नको होती. तिने दार ढकलून पाहिले, आणि वडिलांनी खिडकीतून गाडीचा नंबर सांगितला.

आता या बोलण्याची बांधणी पाहू. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी 1974 साली संभाषणातल्या पाळीवर एक निबंध लिहिला आणि त्यातून या विषयाचा पाया पक्का झाला. त्यांच्या मांडणीचा आपल्या कामाचा भाग एवढाच : बोलणाऱ्याचे वाक्य जिथे पुरे झाल्यासारखे वाटते तिथे पाळी दुसऱ्याकडे जाऊ शकते. प्रश्नाला उत्तर मिळाले की चेंडू पुन्हा विचारणाऱ्याच्या हातात येतो. उत्तरात धरण्यासारखे काही नसेल तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात, नवा प्रश्न काढणे किंवा फोन ठेवणे. वरच्या उताऱ्यात मुलीने चार वेळा पहिली वाट धरली आणि पाचव्यांदा दुसरी. तिचे प्रश्न एकमेकांशी जोडलेले नाहीत : जेवण, औषध, फिरणे, पाऊस. ही विसंगती तिची नव्हे. प्रत्येक उत्तराने विषय तिथल्या तिथे मिटवला, म्हणून तिला दर वेळी कोरी सुरुवात करावी लागली.

वडिलांना मी ‘एक वाक्य जोडा’ म्हटले तेव्हा त्यांचे उत्तर तयार होते : ‘घडतच नाही काही, तर सांगू काय?’ अबोल माणसाची खरी अडचण इथेच असते. आपले वाक्य म्हणजे काहीतरी बातमी असली पाहिजे, असे त्याला वाटते. मी त्यांना त्यांच्याच नोंदवहीची आठवण दिली. गाडी आली, गाडी सुटली, वेळ. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. ‘टायर पंक्चर’, ‘घाटात रस्ता बंद’. शेरा म्हणजे नवी गाडी नव्हे, आधीच्याच नोंदीतला एक तपशील. हे त्यांना ताबडतोब पटले. उत्तर ही नोंद, पुढचे वाक्य हा शेरा. कोणी, कुठे, कोणाबरोबर, नेहमीपेक्षा वेगळे काय, यांपैकी एकाच गोष्टीचा.

तीन आठवड्यांनंतरच्या फोनची सुरुवात अशी आहे :

मुलगी : जेवलात का बाबा?
वडील : हो, जेवलो, आज मावशींनी शेपू केला होता.
मुलगी : शेपू! आणि तुम्ही खाल्लात?
वडील : खाल्ला. तुझी आई लसूण घालायची तशी चव नव्हती.
मुलगी : आईची ती फोडणी मला अजून जमत नाही. ती लसूण ठेचून घालायची की चिरून?
वडील : ठेचून. सालासकट.
मुलगी : सालासकट? मग बरोबर, मी इतकी वर्षं सोलत बसलेय.

मुलीच्या प्रत्येक पाळीत वडिलांनी दिलेला एखादा शब्द आहे. शेपू, मग लसूण, मग साल. वाक्य लागू पडले की नाही हे ओळखायची खूण हीच : पुढच्या प्रश्नात आपला एखादा शब्द परत आला का? आला असेल तर समोरच्याने तो धरला. ‘अच्छा’ म्हणून समोरचा दुसऱ्याच विषयाकडे वळला तर नाही धरला, आणि त्यात बिघडले काहीच नाही. त्या विषयाला लोंबकळत राहू नये, पुढच्या उत्तराला दुसरा शेरा द्यावा. वडिलांचे शेवटचे उत्तर दोन शब्दांचेच आहे, हेही पाहण्यासारखे आहे. धागा एकदा धरला गेला की तोटकी उत्तरेही खपून जातात.

वेळेचा मुद्दा बारीक आहे, पण त्यावरच पुष्कळ अवलंबून असते. 2009 साली टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांतली संभाषणे मोजली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सगळ्या भाषा मिळून सरासरी सुमारे पाव सेकंदाच्या आत भरले. म्हणजे माणसे पाळी फार घाईने उचलतात. ‘हो’ म्हणून एक सेकंद विचार केला आणि मग शेरा द्यायला तोंड उघडले, तर तोवर पुढचा प्रश्न येऊन पडतो, दोघे एकदम बोलतात, आणि अबोल माणूसच माघार घेतो. मराठीत तर क्रियापद शेवटी येते. ‘जेवलो’ म्हणताना आवाज खाली उतरला की ऐकणाऱ्याला पूर्णविराम ऐकू येतो. यावर दोन उपाय आहेत. ‘जेवलो’वर आवाज उतरू न देता तो वरच धरायचा, म्हणजे पुढे काही आहे हे कळते. किंवा ‘हो, पण’, ‘नाही, म्हणजे’ असा जोडशब्द आधीच टाकून ठेवायचा, म्हणजे वाक्य सापडेपर्यंत पाळी आपल्याकडे राहते. वरच्या उताऱ्यात मी ‘जेवलो’नंतर पूर्णविराम न देता स्वल्पविराम दिला आहे, तो याचसाठी.

‘पण’चा उपयोग पाचव्या आठवड्यात दिसला. ‘फिरायला गेला होतात?’ या प्रश्नाला आधीचे कितीतरी रविवार ‘हो’ हेच उत्तर होते आणि ते खरेच होते. त्या दिवशी ते म्हणाले, ‘हो, पण पाण्याच्या टाकीपासूनच परत फिरलो.’ टाकी त्यांच्या रोजच्या वाटेच्या निम्म्यावरही नाही. मुलीने कारण विचारले तेव्हा दम लागतो हे निघाले, आणि महिनाभर लागत होता हेही निघाले. तिने त्याच आठवड्यात त्यांना तपासायला नेले. हिमोग्लोबिन बरेच खाली आले होते, त्यावर उपचार सुरू झाले. ‘हो’ या उत्तराखाली हे सगळे झाकलेले होते, आणि ते लपवायचा कोणाचाही हेतू नव्हता.

वाक्य जोडूनही काही वेळा काम होत नाही, त्याची मुख्य कारणे मला तीनच दिसली. पहिले, जोडलेले वाक्य उत्तराचीच पुनरुक्ती असते : ‘बरं आहे. चाललंय.’ त्यात धरायला काही नाही. दुसरे, ‘तू कशी आहेस?’ असा प्रश्न लगेच उलटा फेकणे. तो सभ्यपणा आहे, पण वाक्य आपले नाही, आणि समोरच्याला वाटते की आपला प्रश्न टाळला. तिसरे कारण आपल्याकडे फार आढळते : ‘चालायचंच’, ‘वय झालं आता’, ‘देवाची कृपा’. पॉल ड्रू आणि एलिझाबेथ होल्ट या अभ्यासकांनी इंग्रजी संभाषणांत दाखवून दिले की असे ठोकळेबाज वाक्प्रयोग विषयाचा समारोप करतात आणि त्यांच्यानंतर बोलणे दुसरीकडे वळते. माझ्या मराठी टिपणांतही तेच दिसते. ‘गुडघा दुखतो’ याला पुढचा प्रश्न येतो. ‘गुडघा दुखतो, चालायचंच’ याला ‘हं’ येतो.

वाक्य एकच का, दोन-तीन का नकोत? कारण दोन तपशील दिले की ऐकणाऱ्याला कोणता धरावा ते कळत नाही, आणि मुळात अबोल माणूस तेवढे टिकवू शकत नाही. आठवडाभराने तो पुन्हा ‘हो’वर येतो. प्रत्येक उत्तराला शेरा हवाच असाही आग्रह नको. नोंदवहीतही पुष्कळ रकाने कोरेच असतात. सुरुवातीला मात्र प्रत्येक उत्तराला जोडावा, कारण कोणता शेरा धरला जाईल ते आधी सांगता येत नाही.

काही ठिकाणी हे करूच नये. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उलटतपासणी चालू असताना जेवढे विचारले तेवढेच सांगावे. तिथे प्रश्न विचारणारा आपल्या जास्तीच्या वाक्याचीच वाट पाहत असतो. जिन्यात घाईने उतरणाऱ्या शेजाऱ्याच्या ‘काय, बरं का?’लाही शेरा नको. आणि तिसरी जागा फोनवरचीच आहे. ‘बरं मग’ हा निरोपाचा पहिला शब्द. शेग्लॉफ आणि सॅक्स यांनी 1973 साली दाखवले की संभाषण एकदम संपत नाही. आधी एक जण असा रिकामा शब्द टाकून विचारतो की आणखी काही आहे का, आणि दुसऱ्यानेही तसाच शब्द दिला की मग फोन ठेवला जातो. तिथे नवा तपशील सांगितला तर मिटत आलेले बोलणे पुन्हा उघडते. महत्त्वाचे काही असेल तर जरूर उघडावे. शेपूसाठी नको. त्या वेळी आठवलेले वाक्य हे गृहस्थ आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या रविवारच्या चौकटीत दोन शब्दांत टिपून ठेवतात. मी गेलो तेव्हा तिथे ‘शेजारी, मांजर’ असे लिहिलेले होते.