लिफ्टशेजारच्या फळ्यावरचं परिपत्रक

आमच्या सोसायटीत 48 फ्लॅट आहेत. लिफ्टच्या बाजूला एक हिरवा फळा आहे आणि त्यावर वर्षातून दोन-तीनदा लाल खडूनं एक यादी उमटायची: फ्लॅट नंबर, पुढे रक्कम, वर मोठ्या अक्षरांत ‘थकबाकीदार’. दोन वर्षांपूर्वी या यादीत बी विंगमधल्या एका आजींचा फ्लॅट आला. यजमान गेले होते, फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर होता आणि बिलं मुलाच्या जुन्या पत्त्यावर जात होती. आजींना थकबाकीचा पत्ताच नव्हता. दूधवाल्यानं विचारलं तेव्हा त्यांना कळलं. पैसे त्यांनी आठवड्यात भरले, पण त्यानंतर त्या सोसायटीच्या एकाही सभेला आल्या नाहीत.

तेव्हा खजिनदारपद माझ्याकडे होतं आणि यादी लिहिणारा हातही माझाच होता. पुढचं परिपत्रक मी वेगळ्या पद्धतीनं लिहिलं.

पहिली गोष्ट म्हणजे पत्र दोन लागतात. एक सगळ्यांसाठी फळ्यावर, आणि दुसरं बंद पाकिटात, ज्याचं देणं आहे त्याच्याच हातात. पहिल्यात सोसायटीचा हिशेब असतो, दुसऱ्यात त्या सभासदाचा. बहुतेक कमिट्या ही दोन्ही कामं एकाच कागदावर करायला जातात आणि तिथेच भांडण सुरू होतं.

आमचं तिमाही बिल 9,600 रुपये. फळ्यावरच्या कागदात मी लिहिलं: ‘30 सप्टेंबरअखेर सभासदांकडून 2,30,400 रुपये मुद्दल येणं आहे. व्याज यात धरलेलं नाही. ही रक्कम संपूर्ण सोसायटीच्या एका तिमाहीच्या बिलाच्या निम्मी आहे. त्यामुळे लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचा हप्ता आणि टाकीच्या गळतीचं काम थांबलं आहे.’ एवढं वाचल्यावर कोणालाही कळतं की पैसे कशासाठी हवेत. ‘सभासदांनी जबाबदारी ओळखावी’ वगैरे वाक्यं मी गाळली. ती वाचून आजवर कोणी चेक लिहिलेला नाही.

त्याखाली तपशील हवाच, नाहीतर ‘पैसे गेले कुठे’ म्हणून कुजबुज सुरू होते. माझ्या पहिल्या मसुद्यात चार ओळी होत्या: 39 फ्लॅट, थकबाकी नाही, 5 फ्लॅट, एक बिल बाकी, 3 फ्लॅट, तीन बिलं बाकी, 1 फ्लॅट, दहा बिलं बाकी. नाव नाही, नंबर नाही. मला तो अगदी सभ्य वाटला. बायकोनं वाचला आणि एका दमात सांगितलं, ‘दहा बिलंवाले म्हणजे चौथ्या मजल्यावरचे ना?’

एवढ्याशा इमारतीत ‘एक फ्लॅट’ लिहिणं म्हणजे नाव लिहिणंच. विंगवार आकडे दिले तरी तेच होतं. म्हणून शेवटच्या दोन ओळी मी एक केल्या: ‘एकापेक्षा जास्त बिलं बाकी: 4 फ्लॅट, 1,82,400 रुपये.’ वर ‘एक बिल बाकी: 5 फ्लॅट, 48,000 रुपये’ होतंच. बेरीज तीच, खोटं काही नाही, पण आता बोट कुणाकडे दाखवता येत नाही. ज्याला सविस्तर हिशेब पाहायचा आहे, त्यानं सोसायटीच्या कार्यालयात येऊन दप्तर पाहावं. तो सभासदाचा हक्क आहे आणि परिपत्रकात तसं लिहिलंही.

आता व्याज. आदर्श उपविधीनुसार थकबाकीवर सरळ व्याज घेता येतं. दर सर्वसाधारण सभा ठरवते आणि तो वर्षाला 21 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. खरा घोळ ‘सरळ’ या शब्दात आहे. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची बाकी पुढच्या बिलात ओढली जाते, त्या बाकीत व्याजही असतं, आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजावर पुन्हा व्याज लागतं. कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं.

समजा एकानं 9,600 ची तीन बिलं भरली नाहीत. पहिलं नऊ महिने थकलं, दुसरं सहा, तिसरं तीन. 21 टक्क्यांनी सरळ व्याज अनुक्रमे 1,512, 1,008 आणि 504 रुपये, एकूण 3,024. व्याजावर व्याज लावत गेलं तर हाच आकडा 3,131 होतो. फरक 107 रुपयांचा. पण सभासद नेमका त्या 107 वर बोट ठेवतो, ‘तुमचा हिशेबच चुकीचा’ म्हणतो, आणि बाकीचे 31,824 रुपयेही अडकून बसतात. त्यात दहा बिलं थकली तर हा फरक चांगलाच वाढतो. म्हणून पाकिटातल्या पत्रात प्रत्येक बिल वेगळ्या ओळीत लिहिलं: बिलाची तारीख, मुद्दल, किती महिने, व्याज. व्याजाचा दर ज्या सभेत ठरला त्या सभेची तारीखही दिली. खाली वाक्य होतं: ‘यातील कोणतीही नोंद चुकीची वाटल्यास 15 दिवसांत लेखी कळवा. तोपर्यंत पुढील कारवाई होणार नाही.’

हे वाक्य मऊ वाटतं, पण तेच सगळ्यात कडक ठरलं. चारपैकी दोघांनी खरंच लिहून कळवलं. एकाचा चेक आमच्याकडूनच दुसऱ्याच्या खात्यात जमा धरला गेला होता. चूक आमची होती. त्याचं नाव फळ्यावर लागलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं!

पंधरा दिवसांनंतर काय, हे मात्र फळ्यावर स्पष्ट लिहावं, कारण तो नियम सगळ्यांना सारखा आहे. आम्ही लिहिलं: ‘मुदतीत रक्कम किंवा लेखी हरकत न आल्यास समिती नोटीस देईल आणि त्यानंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज करील.’ हे कलम गृहनिर्माण संस्थांसाठी 2019 च्या दुरुस्तीनं आलं. पूर्वी कलम 101 लागायचं आणि जुनी पत्रं तेच छापत राहतात. निबंधक सभासदाचं म्हणणं ऐकून दाखला देतात. दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. तेवढी धमकी पुरेशी आहे, आणि ती कायद्यातली आहे. पाणी तोडू, लिफ्टचं कार्ड बंद करू असं कोणी मसुद्यात घालायला सांगितलं तर घालू नये. ते अधिकार कमिटीला नाहीत आणि प्रकरण निबंधकांसमोर गेलं की हेच वाक्य उलटतं.

आणखी एक, थोडं नाजूक. कागद लावण्याआधी कमिटीनं आपापली बिलं पाहावीत. थकबाकीदार सभासद समितीवर राहू शकत नाही. आमच्याकडे पाच ‘एक बिल’वाल्यांपैकी एक जण समितीतच होता. त्यानं त्याच दिवशी पैसे भरले आणि तक्त्यातला पाचाचा आकडा चार केला.

तुमच्या सोसायटीत असं परिपत्रक निघणार असेल, तर फळ्यावर लावण्याआधी मसुदा घरच्या कुणाला तरी वाचायला द्या. त्यांनी एक जरी नाव ओळखलं, तर तक्ता पुन्हा करा.