एक मिलिमीटरच्या पत्र्यावर उभं घर

फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये दिसणारा २०० मिलिमीटर उंचीचा आय-बीम मीटरला साधारण २५ किलो भरतो. लालबुंद तापलेलं पोलाद रुळांमधून दाबून तो घडवतात. लहान बंगल्याच्या लाइट गेज सांगाड्यातला ‘सी’ आकाराचा उभा खांब मात्र थंड, जस्तलेपित पत्रा यंत्रात टप्प्याटप्प्याने वाकवून तयार होतो. ८९ मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड आणि तीन मीटर उंच असा खांब जेमतेम साडेचार किलोचा, एका हाताने उचलावा इतका.

फरक फक्त वजनाचा नाही. जाड बीमवर भार वाढला, तर साधारणपणे आधी पोलादाची ताकद संपते किंवा अख्खा बीम वाकतो. पातळ पत्र्याची सपाट बाजू त्याआधीच लाटेसारखी फुगू लागते. म्हणून ‘सी’च्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या असतात. बोटभरही नसलेली ही दुमड कडेला ताठ ठेवते.

घात होतो तो इथेच. पाइप नेण्यासाठी प्लंबर कटरने ही दुमड कापतो आणि खांबाची ताकद झटकन घटते. भोक हवं तर ते कारखान्यातच, रुंद बाजूच्या मध्यावर पाडलेलं असावं. जोडही वेल्डिंगने नव्हे, सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने करतात, कारण वेल्डिंगच्या आचेने जस्ताचा थर जळतो आणि तिथूनच गंज धरतो.

मोठ्या गाळ्यांना, जड भारांना मात्र आजही आय-बीमच लागतो.